स्थळ, मुहूर्त आणि पायऱ्या

परवा कपाटातला एक खण आवरायला काढला. त्यात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला. मी पत्रिका टाकत नाही. पाठ कोरी असते, वाण्याची यादी करायला बरी पडते. (छत्तीस वर्षं शाळेत काढली की कागदाची पाठकोरी बाजू वाया घालवणं जिवावर येतं.) तर म्हटलं, टाकायच्या आधी एकदा वाचून तरी बघू. चहा होईस्तोवर पंधरा-सोळा वाचल्या.

पत्रिकेत काय काय असतं बघा. वर गणपती, कुलदैवत, ग्रामदैवत. मग वधूवरांचे शिक्षण, आजोबांचे गाव, मुहूर्त अगदी मिनिटापर्यंत, १२ वाजून ३४ मिनिटांचा. 'आपली उपस्थिती प्रार्थनीय.' 'कृपया आहेर आणू नये.' खाली चिल्लीपिल्ली नावानिशी बजावतात, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' एका पत्रिकेत तर पार्किंगचा नकाशाही होता. पण त्या सोळांपैकी एकीतही हे नव्हतं की कार्यालयाला पायऱ्या किती आहेत.

तुम्ही म्हणाल, पायऱ्या हा काय पत्रिकेत घालायचा विषय आहे? दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. माझं मत का बदललं ते सांगते.

माझी मोठी बहीण, आमची आक्का, आता ८१ वर्षांची आहे. २०२२ साली न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं पूर्वीसारखं झालं नाही. घरात वॉकर धरून चार पावलं टाकते, बाहेर मात्र चाकाची खुर्ची लागते. बाकी डोकं लख्ख, कान शाबूत, जीभ तर विचारूच नका.

२०२३ मध्ये नात्यातल्या एका लग्नाला आम्ही तिला घेऊन गेलो. दारात सहा पायऱ्या. चार मुलांनी खुर्चीसकट उचललं. वर जाताना तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्याला असे आवळलेले होते की बोटं पांढरी पडली होती. आत गेल्यावर अगदी मागे, दाराशी बसवली, कारण मधली वाट अरुंद. मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे उभे राहिले आणि तिला फक्त शालू नि कोटांच्या पाठी दिसल्या. जेवण झाल्यावर दोनच्या सुमारास तिला भोवळ आली. वऱ्हाडात एक डॉक्टर होते म्हणून बरं. त्यांनी विचारलं, "आजी, सकाळपासून पाणी किती प्यायलात?" तर म्हणाली, "एक घोटही नाही." का? तर तिथलं स्वच्छतागृह कसं असेल ठाऊक नव्हतं, म्हणून तिने सकाळी सहापासून पाणी सोडलं होतं. जेवतानासुद्धा नुसतं तोंड ओलं केलं होतं.

त्या दिवसानंतर आक्काने लग्नांना जाणं सोडलं. पत्रिका आली की म्हणायची, "माझे आशीर्वाद सांगा." सगळ्यांना वाटायचं वयामुळे उत्साह राहिला नाही. मला ठाऊक होतं, उत्साहाचा प्रश्न नव्हताच.

मग मी माझ्या मैत्रिणींमध्ये सहज चौकशी केली. गुडघ्यांच्या, मधुमेहाच्या, पार्किन्सनच्या. जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं की बाहेर जायचं असलं की पाणी कमी पितो. आणि जायचं की नाही हे लग्नाच्या दिवशी नव्हे, पत्रिका हातात पडल्यावर दोन दिवसांतच ठरतं. मनात तीनच प्रश्न असतात. चढायचं किती? बसायचं कुठे? आणि लघवीला लागली तर काय? उत्तर नसलं की माणूस वाईटात वाईट उत्तर गृहीत धरतो आणि घरी बसतो. विचारत मात्र नाही. 'उगाच त्यांना कार्याच्या घाईत कशाला त्रास!'

म्हणूनच माझं म्हणणं असं की या तीन प्रश्नांची उत्तरं आमंत्रणातच असावीत. तीही 'सोय आहे' अशी मोघम नकोत. आकडे हवेत, आणि जे गैरसोयीचं आहे तेही लिहिलेलं हवं.

हे करून बघायची संधी २०२५ मध्ये आली. माझ्या भाच्याच्या मुलीचं लग्न ठरलं, इथे पुण्यातच. आक्का तिची आत्याआजी. दादा आज असता तर आजोबा म्हणून मिरवला असता, त्याच्या पश्चात आम्ही दोघी बहिणीच काय त्या वडीलधाऱ्या. आक्का नाही असं ते लग्न मला कल्पनेतही नको होतं.

भाच्याने कार्यालय आधीच ठरवलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "आत्या, मी व्यवस्थापकांना विचारलंय. रॅम्प आहे, लिफ्ट आहे, कमोड आहे. सगळी सोय आहे." मी म्हटलं, "छान. मला एकदा दाखवायला ने." पर्समध्ये शिवणाची टेप टाकली. निघण्यापूर्वी आक्काच्या खुर्चीची मापं घेतली होती. दोन्ही चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत रुंदी २५ इंच, पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट लांबी ४२ इंच. ही दोन मापं कागदावर असल्याशिवाय कार्यालय बघायला जाण्यात अर्थ नाही, हे आता ठामपणे सांगते. डोळ्यांनी बघून 'जाईल की खुर्ची' असं वाटतं, आणि ती नेमकी एका इंचाने अडते.

तिथे गेल्यावर कळलं की व्यवस्थापकांची तिन्ही वाक्यं खरी होती, आणि तिन्ही निरुपयोगी.

आधी रॅम्प. समोरच्या दाराला चार पायऱ्या, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे एकूण चढ २ फूट. रॅम्प होता तो मागच्या बाजूला, भटारखान्याच्या दाराशी. तिथेही चढ तेवढाच, पण उताराची लांबी जेमतेम १० फूट. आता हे गणित मी मुलांना फळ्यावर समजवावं तसं सांगते. चाकाच्या खुर्चीसाठी नियम असा, की १ फूट चढायला १२ फूट उतार हवा. आपल्याकडे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांतही हेच प्रमाण आहे. म्हणजे २ फुटांना २४ फूट हवेत. होते १०. हा रॅम्प माणसांसाठी नव्हताच मुळी. पातेली आणि गॅसच्या टाक्या ढकलत न्यायला बांधलेला होता. अशा चढावर खुर्ची ढकलायला दोन दणकट माणसं लागतात, आणि उतरताना खुर्ची उलटी, पाठ उताराकडे करून उतरवावी लागते, नाहीतर बसलेलं माणूस पुढे कोसळतं. वर फरशी गुळगुळीत आणि तेलकट.

लिफ्टचंही तसंच. जेवणाचा हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नवी, दार २८ इंचांचं. म्हणजे २५ इंचांची खुर्ची आत जाते. पण लिफ्टच्या दारापर्यंत पोचायला दोन पायऱ्या! बांधणाऱ्याला जोत्याची उंची जमवायची असेल, पण वर चढवणाऱ्या यंत्रापाशी जायला आधी आपण चढायचं, याला काय म्हणावं?

आणि कमोड. पुरुषांकडे एक, बायकांकडे एक. बायकांकडच्या संडासाच्या दाराची रुंदी २२ इंच. खुर्ची २५ इंचांची. विषय संपला. आक्का वॉकर धरून शेवटची चार पावलं चालेल असं म्हटलं, तर उंबऱ्याला २ इंचांची पट्टी, फरशी सतत ओली, धरायला भिंतीवर काही नाही, आणि दार आत उघडणारं. आत उघडणाऱ्या दाराचा धोका मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावून सांगितला होता. माणूस आत पडलं तर त्याचं अंगच दाराला आडवं येतं आणि बाहेरून दार उघडता येत नाही.

भाचा कावराबावरा झाला. "आत्या, आता पैसे भरलेत. दुसरं कार्यालय मिळायचं नाही." मी म्हटलं, "दुसरं कोण मागतंय? आहे त्यातूनच वाट काढायची. फक्त वाट कुठे आहे ते आधी कळायला हवं."

ती वाट व्यवस्थापकांनी दाखवली नाही, तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींनी दाखवली. त्यांना मी 'सोय आहे का' असं विचारलंच नाही. विचारलं, "मावशी, तुम्ही तुमची पाण्याची ढकलगाडी आत कुठून नेता?" तर म्हणाल्या, "बाजूच्या दारानं की. तिकडं एकच पायरी हाय." गाड्या लावायच्या जागेतून एक दार थेट मुख्य हॉलमध्ये उघडत होतं. गारवा बाहेर जातो म्हणून एरवी कुलूपबंद असायचं. त्याला एकच पायरी, मोजली तर ५ इंच. पाच इंचांना बाराच्या हिशेबाने ६० इंच, म्हणजे ५ फुटांची फळी पुरते. मांडववाल्याने ती जाड प्लायवूडची करून दिली, चाक घसरू नये म्हणून वर खरखरीत चटई ठोकली आणि दोन्ही कडांना पट्ट्या मारल्या, चाक बाहेर जाऊ नये म्हणून.

संडासाची वाट वधूपक्षाच्या खोलीत सापडली. खोली तळमजल्यावर, दार ३६ इंच, आतल्या न्हाणीघराचं दार ३० इंच, बाहेर उघडणारं, आत कमोड आणि खुर्ची कमोडच्या समोर उभी करता येईल एवढी जागा. फक्त धरायला काही नव्हतं. शस्त्रक्रियेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत कमोडभोवती ठेवायची, दोन्ही बाजूंना हात असलेली लोखंडी चौकट मिळते, ती आम्ही भाड्याने आणली. आता एवढी चांगली जागा असून आजवर ती कोणाच्या कामी का आली नव्हती? कारण त्या खोलीला कुलूप असतं. आत नवरीचे दागिने! आणि किल्ली ज्या मावशीच्या कमरेला असते ती ऐन वेळी स्टेजवर असते.

आता बसण्याचं. यात बहुतेकांची चूक कौतुकापोटी होते. ज्येष्ठांसाठी म्हणून पुढच्या रांगेत मोठे सोफे मांडतात. दिसायला राजेशाही, पण बैठक १४-१५ इंचांवर आणि बसलं की आणखी खाली जाते. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर आले, की समजावं, या आसनावरून म्हाताऱ्या माणसाला आपलं आपण उठता येणार नाही. त्यापेक्षा हात असलेली साधी प्लॅस्टिकची खुर्ची शंभर पटींनी बरी. बैठक १७-१८ इंच, आणि उठताना दोन्ही हातांवर भार देता येतो. मांडववाले ढिगाने बिनहातांच्या खुर्च्या आणतात, त्यावर कितीही झालर लावली तरी उठताना धरायला काही नसतं. आम्ही हातांच्या चाळीस खुर्च्या वेगळ्या सांगितल्या.

आणि चाकाच्या खुर्चीची जागा? पहिल्या रांगेच्या समोर नको, तिथे मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकायला झुंबड उडते. मागे तर नकोच. आम्ही स्टेजच्या डाव्या अंगाला, तिरकी, जिथे समोर कोणी उभं राहू शकत नाही अशी जागा ठरवली. दोन चाकाच्या खुर्च्या मावतील अशी मोकळी जमीन सोडली आणि प्रत्येकीच्या शेजारी एक साधी खुर्ची ठेवली, कारण सोबतीला आलेलं माणूस कुठे उभं राहणार? लाउडस्पीकर तिथून हलवायला लावला.

एवढं झाल्यावर आमंत्रणाकडे वळलो. छापील पत्रिका आधीच गेली होती छापायला. पण हल्ली पत्रिकेबरोबर व्हॉट्सअॅपवर निरोप जातोच. शिवाय पत्रिकेत घालायला वेगळी चिठ्ठी छापता येते. भाच्याने मजकूर करून आणला, 'ज्येष्ठ नागरिक व दिव्यांगांसाठी विशेष सोय उपलब्ध आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा.'

माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. हे वाक्य वाचून कोणाला काय कळलं? व्यवस्थापकांनी भाच्याला सांगितलं तेच भाच्याने पाहुण्यांना सांगितलं. 'विशेष सोय' म्हणजे काय? आणि 'इच्छुकांनी' म्हणजे? संडासाला जाण्याची इच्छा ही काय इच्छुकांची यादी करायची गोष्ट आहे? शिवाय 'संपर्क साधावा' म्हटलं की ज्याला गरज आहे तोच फोन करत नाही. आधी माहिती द्यावी, फोन शेवटी.

दोन दिवस आमची घासाघीस चालली. भाचेसून म्हणाली, "आत्या, रागावू नका, पण हे पत्रिकेसारखं वाटत नाही, रेल्वेचं वेळापत्रक वाटतं. आणि पायऱ्या आहेत, लिफ्टला अडचण आहे, असं आपणच लिहिलं तर लोक म्हणतील काय कार्यालय घेतलंय!" तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. लेकीच्या लग्नाची चिठ्ठी सुबक दिसावी असं कोणत्या आईला वाटणार नाही? मी एवढंच म्हटलं, "कार्यालय कसं आहे ते लोकांना दारात कळणारच आहे. घरी कळलं तर ते तयारीने येतील. दारात कळलं तर ओशाळतील." नवरी ऐकत होती. ती म्हणाली, "आई, पार्किंगचं लिहिलंय ना आपण? मग गाडीला जेवढी जागा दिलीय तेवढी आजीला दे." तिथे वाद मिटला.

शेवटी जो मजकूर गेला तो असा. कोणाला उपयोगी पडला तर खुशाल उचला:

'मुख्य दाराला ४ पायऱ्या आहेत, उजवीकडे कठडा आहे. पायऱ्या टाळायच्या असतील तर गाडी पार्किंगमध्ये आत आणावी. तिथल्या बाजूच्या दाराला एकच पायरी असून तिच्यावर उतरती फळी ठेवली आहे. दार सकाळी ९ ते ४ उघडे राहील.

हात असलेल्या खुर्च्या पहिल्या तीन रांगांत आहेत. चाकाच्या खुर्चीची जागा स्टेजच्या डावीकडे, सोबत्याच्या खुर्चीसह राखली आहे.

स्टेजला ३ पायऱ्या आहेत, कठडा नाही. वडीलधाऱ्यांनी वर येण्याचे कष्ट घेऊ नयेत. मंगलाष्टकांनंतर वधूवर खाली येऊन नमस्कार करतील.

जेवण पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्टपर्यंत २ पायऱ्या आहेत. ज्यांना वर जाणे अवघड आहे त्यांची पाने तळमजल्यावर मांडली आहेत.

चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह वधूपक्षाच्या खोलीत, तळमजल्यावर आहे. दार ३० इंच, कमोड, धरायला आधार. खोली दिवसभर उघडी असेल.

इतर स्वच्छतागृहांची दारे अरुंद आहेत व उंबरा आहे.

त्या दिवशी काही लागले तर' आणि पुढे भाच्याच्या मेहुण्याचं नाव आणि मोबाइल क्रमांक.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं. क्रमांक मुलीच्या बापाचा देऊ नये. मुहूर्तावर त्याचा फोन कोणाच्या तरी पिशवीत असतो. ज्याला त्या दिवशी दुसरं काही काम नाही असा घरातला एक माणूस नेमावा आणि त्याला फक्त हेच काम द्यावं.

आणि 'वधूवर खाली येऊन नमस्कार करतील' या ओळीबद्दलही. आशीर्वाद घ्यायला वाकायचं तरुणांनीच असतं ना? मग त्यासाठी ऐंशी वर्षांच्या माणसाला तीन पायऱ्या चढवून वर नेण्याची रीत आपण कधी पाडली, देव जाणे. फोटो चांगला येतो म्हणून असेल.

गंमत म्हणजे, फोन फार आले नाहीत. माहितीच पुरेशी होती. दादाच्या एका जुन्या मित्राने कळवलं, की एवढं वाचून ठरवलं, मुहूर्ताला येतो, जेवायला थांबत नाही, मला तासाभराच्या वर बसवत नाही. एका लांबच्या काकूंनी येत नाही म्हणून कळवलं, त्यांच्या खुर्चीची रुंदी ३१ इंच, मोठी होती. न्हाणीघराच्या दारातून जाणार नाही हे त्यांनी घरीच टेपने मोजून पाहिलं. मला वाईट वाटलं. पण दारात कळण्यापेक्षा हे बरं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी त्यांच्या घरी जाऊन पाया पडून आली.

आक्काला मी तो मजकूर वाचून दाखवला. तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. एकच प्रश्न विचारला, "खोली उघडी राहील म्हणजे किल्ली कोणाकडे?" मी म्हटलं, "माझ्याकडे. माझ्या गळ्यात." म्हणाली, "मग येते."

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. लग्नाच्या दिवशी सकाळी साडेआठला मी पोचले तर त्या बाजूच्या दारासमोर फुलवाल्याचा टेंपो उभा. वधूपक्षाच्या खोलीत न्हाणीघराच्या दाराला टेकून फोटोवाल्यांच्या पेट्या रचलेल्या. डावीकडच्या मोकळ्या जागेत कोणीतरी हौसेने फुलांची कुंडी मांडून ठेवलेली, मोकळी जागा दिसली की शोभेची वस्तू ठेवायचा मोह कोणाला आवरत नाही. तासाभरात सगळं हलवलं. तेव्हा लक्षात ठेवा, आठवड्यापूर्वी मोजलेलं त्या दिवशी तसंच असेल असं धरून चालू नये. पाहुणे यायच्या तासभर आधी एकाने त्या वाटेवरून खरीखुरी रिकामी खुर्ची ढकलत फाटकापासून कमोडपर्यंत नेऊन बघावी. कुठे अडते ते पाच मिनिटांत कळतं.

एक चूक आमच्याकडून राहिलीच. तळमजल्यावर पानं मांडली ती नेहमीच्या टेबलांवर. आक्काच्या खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडले आणि ती पानापासून वीतभर लांब राहिली. मांडीवर ताट घेऊन जेवली बिचारी. टेबलाची खालची बाजू आणि खुर्चीच्या हातांची उंची, हेही मोजायला हवं होतं. पुढच्या वेळी.

आता कोणी म्हणेल, ही कामं कार्यालयांची आहेत, पाहुण्यांच्या यजमानांची नव्हेत. खरं आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, आणि इमारतींसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची. त्यांत रॅम्पचं ते एकास बाराचं प्रमाण आहे, दार ९० सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३ फूट रुंद असावं असंही आहे. पण आपण लग्नं करतो ती बहुतेक कार्यालयं त्याच्या कितीतरी आधी बांधलेली आहेत. ती बदलतील तेव्हा बदलतील. आणि बदलायला काय कारण आहे त्यांना, जर बुकिंग करताना कोणी जेवणाचा दर आणि एसी सोडून काही विचारतच नसेल? चिठ्ठी लिहायची ठरवली की ते प्रश्न बुकिंगच्या वेळीच विचारावे लागतात, हा तिचा दुसरा फायदा. आम्हाला ती बुद्धी पैसे भरल्यावर झाली. तुम्ही आधी टेप घेऊन जा.

मंगलाष्टकं संपली. अक्षता आक्काने बसल्या जागेवरून टाकल्या, दोन तर नवरदेवाच्या फेट्यावर पडल्या असं ती अजून सांगते. नवरा-नवरी खाली आली, वाकली. आक्काने नवरीची हनुवटी धरून काहीतरी पुटपुटलं, ते मला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने वाढपी पाण्याचे पेले घेऊन आला. मी आक्काकडे बघत होते. तिने एक पेला घेतला, पूर्ण प्यायली, आणि त्याला थांबवून म्हणाली, "बाळ, अजून एक दे."